पाऊस देऊनही न संपणारा ढग

माननीय ताई,
सप्रेम नमस्कार. माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे आणि फार बुजरी आहे. बालवाडीत ती खेळणी किंवा खाऊ कुणालाच देत नाही, असे तिथल्या बाईंनी सांगितले. म्हणून मी रोज रात्री तिला एका लाजाळू ढगाची गोष्ट रचून सांगते. तो आपला पाऊस कुणाला देत नाही, बाकीचे ढग त्याला चिडवतात, शेवटी तो सगळा पाऊस देऊन टाकतो आणि सगळे आनंदी होतात. पण गोष्ट संपली की ती विचारते, "मग ढग कुठे गेला? तो संपला का?" आणि रडू लागते. परवा तिने खाऊचा डबा पोटाशी धरला आणि म्हणाली, "मी दिलं तर मी संपेन." ही गोष्ट बंद करू की बदलू?
— एक आई, सातारा

सप्रेम नमस्कार.

गोष्ट बंद करू नका, बदला. मुलीने ती अतिशय लक्ष देऊन ऐकली आहे आणि गोष्टीतली जी उणीव आपल्या मोठ्यांच्या कानाला जाणवली नाही, ती तिने बरोबर पकडली आहे. गोष्ट ऐकताना एवढे लहान मूल तहानलेल्या शेताच्या जागी नसते, ते ढगाच्या जागी असते. ढगाने सगळे काही देऊन टाकले, शेत हिरवे झाले, पाखरे गाऊ लागली आणि ढगाचे पुढे काय झाले याचा एक शब्दही आला नाही, तर "सगळे आनंदी झाले" या वाक्यात आपण कुठे आहोत, हे तिला विचारावेसेच वाटणार. डबा पोटाशी धरताना ती हट्ट करत नव्हती. तिने ऐकलेल्या गोष्टीचा सरळ अर्थ ती सांगत होती.

दुसरी उणीव मला अधिक काळजीची वाटते. तुमच्या गोष्टीत लाजाळूपणा आणि चिक्कूपणा एकच होऊन बसले आहेत. बुजऱ्या मुलाला पुष्कळदा वस्तू द्यायला जड जात नाही, जड जाते ते समोरच्याकडे पाहणे, त्याच्याजवळ जाणे आणि चारजणांच्या देखत हात पुढे करणे. अशा मुलाला आपण चिडवणाऱ्या ढगांचा घोळका ऐकवला, तर चारजणांत गेले की हसू होते, ही त्याची भीती आपणच पक्की करतो. तो घोळका गोष्टीतून काढून टाका.

या दोन्ही उणिवा भरून काढायला नवी कल्पना लढवावी लागत नाही, कारण ढग खरोखर कसा वागतो हे पाहिले की गोष्ट आपोआप सरळ होते. ढग म्हणजे पाण्याने भरलेली पखाल आणि पाऊस म्हणजे तिचे तोंड सोडणे, असे चित्र आपण मनात धरलेले असते. तसे असते तर तोंड न सोडणारा ढग चिक्कू ठरला असता आणि सोडणारा रिकामा झाला असता. प्रत्यक्षात ढग म्हणजे अतिशय बारीक जलकणांचा थवा असतो. एका कणाची रुंदी साधारण ०.०२ मिलिमीटर असते, तर पावसाचा चांगला टपोरा थेंब २ मिलिमीटरांचा असतो. रुंदीत हा फरक शंभरपट दिसतो, पण पाण्याच्या हिशेबाने पाहिले तर एका थेंबात सुमारे दहा लाख कणांचे पाणी असते. एकटा कण सेकंदाला जेमतेम एक सेंटिमीटर खाली येतो, त्यातही खालून वर जाणारी हवा त्याला उचलून धरते, आणि ढगाबाहेरच्या कोरड्या हवेत तो उतरलाच तर वाटेतच विरून जातो. म्हणून जो लहान ढग बरसत नाही, त्याने काही धरून ठेवलेले नसते. त्याचे कण अजून एकमेकांत मिसळून मोठे झालेले नसतात, एवढेच. (उंच गडगडाटी ढगांत बर्फकणांचेही काम असते, पण आपल्या गोष्टीतला ढग बुटका आहे, त्याला याची गरज नाही.)

लाजाळू ढगाची खरी अडचण ही अशी आहे, आणि ती तुमच्या मुलीच्या अडचणीशी किती जुळते ते पाहा. द्यायचे आहे, पण दिलेले पोहोचत नाही.

"तो संपला का" या प्रश्नाचे उत्तर तुमच्या घराच्या पश्चिमेलाच आहे. जुलैत साताऱ्याहून घाटाकडे पाहिले, तर डोंगरमाथ्यावर बसलेले आभाळ सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथेच दिसते, आणि तरीही त्याच्याखाली पाऊस चालूच असतो. अरबी समुद्रावरून आलेली ओलसर हवा सह्याद्रीला अडून वर चढते, वर चढताना गार होते, आणि तिच्यातल्या वाफेचे जलकण होतात. खालून पाऊस पडत राहतो, मागून नवी वाफ येत राहते आणि ढग जागच्या जागी राहतो. तीच हवा डोंगर ओलांडून पूर्वेला उतरू लागली की गरम होते आणि उरलेले कण पुन्हा वाफ होऊन दिसेनासे होतात. म्हणूनच महाबळेश्वरला वर्षाला ५५०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात ५०० मिलिमीटरांच्या आसपास. ढग विरतो, हे मुलीपासून लपवू नका, कारण ती एक दिवस स्वतःच्या डोळ्यांनी पाहणार आहे. विरलेला ढग दिसत नाही, पण त्याचे पाणी हवेतच असते आणि त्याचा पुन्हा ढग होतो, हे खरे आहे आणि तिला समजण्याजोगे आहे.

गोष्ट सांगायच्या आधी एखाद्या दुपारी तिला भाताच्या पातेल्यावरचे झाकण दाखवा. झाकण तुम्हीच उचला, वाफेपासून तिला हातभर लांब ठेवा आणि झाकण थोडे निवल्यावर त्याची आतली बाजू तिच्यासमोर आडवी धरा. राईहून बारीक थेंब तिथे चिकटून बसलेले असतात आणि खाली पडत नाहीत. मग झाकण किंचित तिरके करा. एक थेंब शेजारच्याला टेकतो, दोघांचा एक होतो, तो तिसऱ्याला गाठतो आणि एकदम जड होऊन ओघळतो. तिला हवे असल्यास बोटाने दोन थेंब जोडू द्या. हे दिवसाच करावे, झोपायच्या वेळी नव्हे, कारण पाण्याशी खेळ सुरू झाला की अर्धा तास झोप लांबते. रात्री गोष्टीत थेंब जोडले जातील तेव्हा तिला ते झाकण आठवेल.

आता गोष्ट. मी ती संपूर्ण लिहून देते, म्हणजे तुम्हाला रोज नव्याने रचावी लागणार नाही.

एक होता ढग. त्याचे नाव भुरू. भुरू लहान होता, मऊ होता आणि जुन्या धुवट गोधडीसारखा भुरका होता. समुद्रावरचा वारा त्याला घेऊन निघाला. खाली माडांची झाडे आली, मग भाताची खाचरे आली, मग मोठा डोंगर आला. डोंगराशी आल्यावर मोठे ढग पुढे निघून गेले आणि भुरू एका कड्याआड थांबला. खूप जणांमध्ये जायला त्याला आवडत नसे. कड्याआडून थोडेसे डोकावून पाहायला त्याला आवडे.

कड्यावर वाळके शेवाळे होते. ते हळूच म्हणाले, "भुरू, भुरू, मला एक थेंब देशील का?" भुरूकडे थेंब पुष्कळ होते, पण ते एवढेसे होते, राईहूनही बारीक. त्याने त्यातला एक सोडला. थेंब तरंगत तरंगत खाली निघाला आणि वाटेतच विरून गेला. शेवाळे कोरडेच राहिले. भुरूला लाज वाटली आणि तो पुन्हा कड्याआड गेला.

वारा त्याच्याजवळ आला. वारा हसला नाही आणि रागावला नाही. तो भुरूच्या शेजारी गप्प बसून राहिला. थोड्या वेळाने तो म्हणाला, "तुझा थेंब लहान होता, म्हणून पोहोचला नाही. त्याला सोबत हवी." भुरूने विचारले, "सोबत कशी द्यायची?" वारा म्हणाला, "घाई करायची नाही. हळूच म्हणायचे, एवढ्याशा थेंबा, जवळ ये, जवळ ये. एवढ्याचा तेवढा हो, मग खाली जा."

भुरूने डोळे मिटले आणि तो हळूच म्हणाला, "एवढ्याशा थेंबा, जवळ ये, जवळ ये. एवढ्याचा तेवढा हो, मग खाली जा." एक थेंब दुसऱ्याला टेकला. दोघांचा एक झाला. तो तिसऱ्याला टेकला. तिघांचा एक झाला. होता होता थेंब मोठा झाला, जड झाला आणि खाली निघाला. टप. शेवाळ्याने तो पिऊन घेतला आणि ते हिरवे झाले.

कड्याखाली भाताची रोपे होती. ती म्हणाली, "भुरू, भुरू, आम्हाला एक सर देशील का?" भुरू थोडा थांबला. मग तो पुन्हा म्हणाला, "एवढ्याशा थेंबा, जवळ ये, जवळ ये. एवढ्याचा तेवढा हो, मग खाली जा." टप. टप. टप टप टप. एक लहानशी सर खाचरावरून गेली आणि रोपांनी माना डोलावल्या.

आता भुरू पातळ झाला होता, इतका पातळ की त्याच्यातून पलीकडचा डोंगर दिसू लागला. तो घाबरून म्हणाला, "वाऱ्या, वाऱ्या, मी संपलो का?" वारा म्हणाला, "नाही. मी समुद्राकडून काय आणले आहे ते पाहा." वाऱ्याने ओलसर ओलसर हवा आणली होती. ती डोंगर चढली, चढता चढता गार झाली आणि तिचे एवढेसे थेंब झाले. भुरू पुन्हा भुरका झाला. पुन्हा मऊ झाला. पुन्हा धुवट गोधडीसारखा झाला.

तेवढ्यात एक बेडूक आला. तो म्हणाला, "भुरू, भुरू, मलाही एक सर देशील का?" भुरू म्हणाला, "आज नको. आज मी दमलो आहे. उद्या देईन." बेडूक म्हणाला, "बरं, उद्या." आणि तो अळवाच्या पानाखाली जाऊन बसला.

मग अंधार झाला. शेवाळे निजले. रोपे निजली. पानाखाली बेडूक निजला. वारा हळू झाला, अजून हळू झाला. भुरू डोंगराच्या मांडीवर बसला, मग आडवा झाला, आणि निजता निजता अगदी हळू म्हणाला, "एवढ्याशा थेंबा, जवळ ये, जवळ ये."

गोष्ट इथेच थांबते. सावकाश सांगितली तर सात-आठ मिनिटे लागतात आणि झोपेच्या गोष्टीला तेवढी पुरतात. तुमच्या गोष्टीत सर्वात मोठा प्रसंग अगदी शेवटी होता आणि तो ऐकून मूल जागे होत होते. इथे भीतीचा क्षण मध्यानंतर येतो, लगेच निवतो आणि पुढे काहीच घडत नाही. वीज आणि गडगडाट मी मुद्दाम ठेवलेले नाहीत. पावसाची गोष्ट म्हटली की सांगणाऱ्याचा आवाज आपोआप चढतो. तसा तो चढला तर मूल उशीवरून मान उचलते, आणि ती मान उचललेली दिसली की पुढची दोन वाक्ये कुजबुजत सांगावीत. "जवळ ये, जवळ ये" ही ओळ चार वेळा येते. दर वेळी ती मागच्यापेक्षा हळू म्हणावी आणि शेवटच्या वेळी तर ती जवळजवळ श्वासात म्हणावी. चिमणीच्या दारात उभ्या असलेल्या कावळ्याला मिळणारी तीच ती उत्तरे मुलांना का हवी असतात, हे आपल्याला ठाऊक आहे. पुढे काय येणार हे माहीत असले की मूल निश्चिंत होते. त्यामुळे शब्द बदलू नका. आठवड्याभरात ती तुम्हाला "राईहूनही म्हणायचं राहिलं" असे सांगू लागली, तर गोष्ट तिची झाली असे समजा.

बेडकाला मिळालेला नकार तुम्हाला खटकेल. वाटून घेण्याच्या गोष्टीत नकार कशाला, असे वाटेल. तो मी फार विचार करून ठेवला आहे. "आज नको" म्हणता येते आणि तसे म्हटल्यावर कुणी रागावत नाही, हे ज्या मुलाला माहीत असते, त्याला दिलेली वस्तू आपण स्वतः दिली असे वाटते. जे नाकारताच येत नाही, ते मूल देत नाही, ते त्याच्याकडून काढून घेतले जाते. पुढच्या एक-दोन दिवसांत ती तुम्हाला किंवा आजीलाही "आज नको, उद्या देईन" असे ऐकवेल. तेव्हा बेडकासारखे "बरं, उद्या" म्हणावे आणि विषय सोडावा. मात्र दुसऱ्या दिवशी तिने आपणहून दिले नाही, तर तिला आठवण करून देऊ नये.

गोष्ट संपल्यावर "मग तू काय शिकलीस?" असे विचारण्याचा मोह अनेक पालकांना होतो. मी बालवाडीत शिकवत असताना मलाही तो होई आणि मुलांचे चेहरे त्या प्रश्नानंतर कसे बंद होतात, हे मी पुष्कळ वेळा पाहिले आहे. त्याहून वाईट म्हणजे सकाळी डबा भरताना "भुरूने दिलं ना, मग तूही दे" असे म्हणणे. एकदा असे झाले की रात्रीचा भुरू तिचा राहत नाही, तो तुमच्या बाजूचा होतो. डब्याचा प्रश्न डब्यापुरता सोडवावा. तिच्या खाऊच्या शेजारी काकडीच्या दोन जादा चकत्या ठेवाव्यात, "या दोन जादा आहेत, तुला वाटलं तर कुणाला दे" एवढेच सांगावे, आणि चकत्या परत आल्या तर त्यावर बोलू नये. बाईंना विनंती करावी की चारजणांच्या देखत तिला द्यायला लावू नये, तर शेजारी बसणाऱ्या एकाच मुलीबरोबर तिला काही दिवस बसू द्यावे. भुरूच्या थेंबालाही आधी एकाच थेंबाची सोबत लागली होती.

"ढग कुठे गेला?" हा प्रश्न काही दिवस येत राहील. त्याला दर वेळी त्याच शब्दांत उत्तर द्यावे: "तो हवेत मिसळला. दिसत नाही, पण आहे. वारा ओली हवा घेऊन आला की पुन्हा दिसतो." याहून अधिक समजावत बसू नये. इतके करूनही ती "संपेन" हा शब्द दिवसाही काढत असेल, तर घरात किंवा शेजारी अलीकडे कुणी गेले आहे का आणि तेव्हा तिच्या कानावर काय पडले, हे आठवून पाहावे आणि त्याविषयी उजेडात, तिला मांडीवर घेऊन बोलावे. तसेच घरी भरभर बोलणारी ही मुलगी बालवाडीत महिनोन्‌महिने एकही शब्द बोलत नाही, असे बाईंकडून कळले, तर तो नुसता बुजरेपणा नसू शकतो. मग बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, ते काम गोष्टीवर सोडू नये.

एक गोष्ट मात्र नक्की होईल. काही रात्री भुरूचा पहिला थेंब शेवाळ्यावर पडायच्या आतच तिला झोप लागेल आणि शेवटपर्यंत सांगायचे राहून गेले म्हणून तुम्हाला चुकचुकल्यासारखे वाटेल. तिला उठवू नका आणि राहिलेला भाग दुसऱ्या दिवशी दुपारी पुरा करू नका. रात्री पुन्हा "एक होता ढग" पासून सुरुवात करा.